वीस गाड्या आणि एक डेटा पूल: ट्रॅकरच्या सिमना मर्यादा आणि अलर्ट कसे लावायचे

डिलिव्हरीच्या छोट्या ताफ्यात प्रत्येक ट्रॅकरला वेगळा डेटा पॅक घेतला की काय होतं, हे ताफा सांभाळणाऱ्यांना माहीत असतं. लांबच्या मार्गावरची गाडी महिना संपायच्या आधीच पॅक संपवून बसते आणि दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या गाडीचा डेटा तसाच वाया जातो. डेटा पूलमध्ये सगळ्या सिमचा डेटा एका खात्यात जमा होतो, ज्याला जितका लागेल तितका तो वापरतो आणि बिल एकूण बेरजेवर निघतं.

या सोयीची दुसरी बाजू मात्र नीट समजून घ्यायला हवी. वेगळ्या पॅकमध्ये एखादं सिम बिघडलं तर नुकसान त्या एका पॅकपुरतं राहतं. पूलमध्ये तेच सिम सगळ्यांच्या वाट्याचा डेटा खाऊ शकतं, आणि एकूण आकड्याकडे बघून ते लवकर लक्षातही येत नाही. म्हणून माझ्या मते पूल घेताना किती एमबी मिळतात याच्याइतकंच महत्त्व प्रत्येक सिमची मर्यादा कुठे लागते आणि अलर्ट कधी येतो याला द्यायला हवं. इथे मी वीस गाड्यांचा ताफा धरून सगळा हिशेब मांडतो आहे. तुमच्या गाड्या आठ असोत की चाळीस, रीत तीच राहते.

आधी एका ट्रॅकरचा खर्च काढा

पूल किती मोठा घ्यायचा हे सिम कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला विचारू नका. ते तुमच्या ट्रॅकरच्या सेटिंगवर ठरतं. दोन आकडे शोधा: गाडी चालू असताना ट्रॅकर किती सेकंदांनी स्थान पाठवतो, आणि उभी असताना किती मिनिटांनी.

स्थान, वेग, वेळ, इग्निशन चालू की बंद, एवढी माहिती साधारण ५० ते १०० बाइटमध्ये मावते. ती पाठवताना नेटवर्कचे हेडर, सर्व्हरची पोच आणि त्या पोचेची पोच असा वरखर्च लागतो आणि तो बहुधा मूळ माहितीपेक्षा जास्त भरतो. म्हणून एका नोंदीला २५० बाइट धरणं व्यवहार्य आहे.

आता आपल्या वीस गाड्यांतली एक घ्या. ती दिवसाला आठ तास चालते आणि दर ३० सेकंदांनी स्थान पाठवते, म्हणजे ९६० नोंदी, अंदाजे २४० केबी. उरलेले सोळा तास ती उभी असते आणि दर दहा मिनिटांनी एक नोंद पाठवते, म्हणजे ९६ नोंदी, २४ केबी. दिवसाचे झाले २६४ केबी आणि तीस दिवसांचे साधारण ८ एमबी. नेटवर्क तुटून पुन्हा जोडणं, सेटिंगचे संदेश, घड्याळ जुळवणं यासाठी थोडी भर टाकली की १० एमबी. हा आपला पाया.

हा कागदावरचा हिशेब झाला. दोन-तीन गाड्यांवर आठवडाभर प्रत्यक्ष वापर मोजून तो पडताळा. त्यात एक गाडी गावाबाहेरच्या, नेटवर्क कमजोर असलेल्या मार्गावरची असू द्या. तिथे जोडणी वारंवार तुटते आणि वापर वाढतो.

पडताळताना प्रत्यक्ष आकडा तिप्पट-चौपट निघाला, तर कारण बहुधा बिलातल्या राऊंडिंगमध्ये सापडतं. बऱ्याच योजनांमध्ये प्रत्येक डेटा सेशन, म्हणजे नेटवर्कशी झालेली एकेक जोडणी, वरच्या पूर्ण एककाला नेऊन मोजतात. एकक १ केबी असेल तर २५० बाइटच्या सेशनचंही १ केबी लागतं, १० केबी असेल तर १० केबी. काही ट्रॅकर एकदा उघडलेलं सेशन दिवसभर चालू ठेवतात, त्यांना याची झळ फारशी लागत नाही. पण काही ट्रॅकर बॅटरी वाचवण्यासाठी प्रत्येक नोंदीला नेटवर्कशी नव्याने जोडणी करतात आणि काम झालं की तोडतात. असा ट्रॅकर १० केबी राऊंडिंगच्या योजनेत दिवसाला ९६० वेळा १० केबी, म्हणजे ९.६ एमबी खातो. आपण जे महिन्याला धरलं होतं, ते जवळपास एका दिवसात संपतं.

म्हणून करार करण्याआधी राऊंडिंग प्रति सेशन आहे, प्रति दिवस आहे की महिन्याच्या एकूण वापरावर, हे लेखी घ्या. आणि ट्रॅकरमध्ये दोन सेटिंग बदला. सेशन उघडं ठेवण्याचा पर्याय चालू करा, आणि नोंदी गोळा करून एकत्र पाठवायला लावा. स्थान दर ३० सेकंदांनी नोंदवलं आणि दोन मिनिटांनी चार नोंदी एकदम पाठवल्या, तर १,००० बाइटचं काम साधारण ४३० बाइटमध्ये होतं, कारण वरखर्च एकदाच लागतो. नकाशावर गाडी दोन मिनिटं उशिरा दिसते, पण मार्गाची रेघ तितकीच बारीक राहते. ग्राहकाला गाडीचं थेट स्थान दाखवत नसाल, तर हा उशीर कुणाला जाणवतही नाही.

पूलचा आकार

पूल दोन तऱ्हेचे मिळतात. एकात प्रत्येक सिम आपला ठरलेला वाटा घेऊन येतं, म्हणजे १५ एमबीची वीस सिम मिळून ३०० एमबी. दुसऱ्यात तुम्ही थेट एक आकडा विकत घेता आणि त्यावर हवी तितकी सिम जोडता. वीसेक गाड्यांच्या ताफ्याला मला पहिला प्रकार सोयीचा वाटतो, कारण गाडी वाढली की पूल आपोआप वाढतो.

आपली गरज २० गुणिले १०, म्हणजे २०० एमबी. ३०० चा पूल घेतला की १०० एमबी राखीव राहतात. ही राखीव रक्कम उगाच ठेवलेली नाही, तिचं काम पुढे एका बिघाडाच्या हिशेबात दिसेल.

पहिल्या प्रकारात काही बारीक अटी असतात. निलंबित सिमचा वाटा पूलमध्ये धरतात का? महिन्याच्या मध्यात चालू केलेल्या सिमचा वाटा पूर्ण येतो की उरलेल्या दिवसांपुरता? वेगवेगळ्या योजनांची सिम एकाच पूलमध्ये बसतात का? बहुतेक ठिकाणी एका योजनेचा एक पूल असतो, त्यामुळे १५ एमबीची पंधरा आणि ५० एमबीची पाच सिम घेतली, तर हाती दोन वेगळे पूल येतात आणि एकाची शिल्लक दुसऱ्याला चालत नाही.

ड्रायव्हरच्या फोनचा पूल वेगळा

ट्रॅकरच्या पूलमध्ये ड्रायव्हरच्या फोनची सिम घालू नका. एक फोन पाच मिनिटांच्या व्हिडिओत जेवढा डेटा वापरतो, तेवढ्यात ट्रॅकरचे कित्येक महिने जातात. दोघं एकत्र असले की ट्रॅकरचा कुठलाही बिघाड फोनच्या वापरात बुडून जातो, आणि फोनने पूल संपवला की गाड्या नकाशावरून गायब होतात. कॅमेरा बसवलेल्या गाड्यांनाही हेच लागू आहे. थेट व्हिडिओ १ एमबीपीएसने चालला तर तासाला ४५० एमबी जातात.

फोनच्या पूलमध्ये खरा खर्च कुठे होतो तेही सांगून ठेवतो. सगळेजण मनोरंजनाच्या ॲपना दोष देतात, पण डिलिव्हरीच्या फोनमध्ये मोठा वाटा बऱ्याचदा कामाच्याच फोटोंचा असतो. पोहोच दाखवणारा फोटो कॅमेऱ्यातून जसाच्या तसा गेला तर तो ३ एमबीचा असतो. दिवसाला ६० पार्सलं म्हणजे १८० एमबी, आणि २६ दिवसांत जवळपास ४.७ जीबी, तेही एका फोनवर. तोच फोटो ॲपमध्येच २०० केबीपर्यंत लहान केला तर दिवसाला १२ एमबी आणि महिन्याला साधारण ३१० एमबी. दारावरचा नंबर आणि पार्सलचं लेबल २०० केबीमध्ये स्वच्छ वाचता येतं. ॲपमध्ये हे सेटिंग आहे का ते आधी बघा, मग ड्रायव्हरना बोल लावा. त्याबरोबर ॲप आणि सिस्टिमचे अपडेट फक्त वायफायवर ठेवा, हॉटस्पॉट बंद करा आणि ज्या भागात गाड्या फिरतात त्याचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या.

फोनला मर्यादा लावताना ती डेटा बंद करणारी नसावी, वेग कमी करणारी असावी. वेग उतरला की व्हिडिओ अडकतो, पण पत्ता आणि ऑर्डर हळूहळू का होईना, येत राहते.

ट्रॅकरच्या सिमवर मर्यादा

सिम कंपनीच्या पोर्टलवर मर्यादा सहसा दोन पातळ्यांवर लावता येते, एकेका सिमवर आणि पूर्ण पूलवर. माझा आग्रह असा की थांबवणारी मर्यादा सिमवर लावा आणि पूलवर फक्त अलर्ट ठेवा. पूल संपल्यावर सगळं बंद, असं सेटिंग केलंत तर एका बिघडलेल्या ट्रॅकरपायी धडधाकट एकोणीस गाड्या दिसेनाशा होतात. पूल ओलांडल्यावर प्रति एमबी दर फारच चढा असेल, तर पूलवरही एक थांबा ठेवावा लागेल, पण तो पूलच्या बराच वर, दीडपटीच्या आसपास ठेवा.

सिमवरची मर्यादा महिन्याची ठेवायची की दिवसाची? दोन्ही मिळत असतील तर दोन्ही लावा, पण एकच मिळत असेल तर दिवसाची निवडा. महिन्याची मर्यादा ३० एमबी ठेवली तर बिघडलेला ट्रॅकर ती एका दिवसात गाठतो आणि मग महिना संपेपर्यंत बंद पडून राहतो. दिवसाची मर्यादा दुसऱ्या दिवशी आपोआप मोकळी होते.

आपल्या ट्रॅकरचा नेहमीचा दिवस ०.३ एमबीचा आहे. १ एमबीवर अलर्ट आणि ३ एमबीवर थांबा, हे आकडे मी सुरुवातीला ठेवतो. थांबा याहून खाली आणू नये, कारण त्याला एक योग्य कारणही ओलांडू शकतं. गाडी दोन दिवस नेटवर्कबाहेर असेल तर ट्रॅकर नोंदी आपल्या मेमरीत साठवतो आणि नेटवर्क मिळताच सगळ्या एकदम पाठवतो. त्या दिवशी वापर दुप्पट-तिप्पट दिसणं ठीकच आहे, आणि नेमक्या त्याच दिवशी सिम बंद व्हायला नको.

फर्मवेअर अपडेट हाही असाच प्रसंग. फाइल एखाद्या एमबीची असली, तरी वीस ट्रॅकरना एकदम पाठवली तर सगळ्यांचे अलर्ट एकाच वेळी वाजतात. दिवसाला चार-पाच गाड्या घ्या, आणि रात्री गाड्या आवारात, चांगल्या नेटवर्कमध्ये असताना अपडेट सोडा. अर्धवट तुटलेला अपडेट काही ट्रॅकर पहिल्यापासून सुरू करतात आणि तीच फाइल पुन्हा पुन्हा उतरवत बसतात.

मर्यादा खरंच लागते का, ते तपासा

ही पायरी बहुतेक ताफे गाळतात, आणि मला ती सगळ्यात गरजेची वाटते. पोर्टलवर '३ एमबी' लिहिलं म्हणजे तिसऱ्या एमबीला डेटा थांबतोच असं नाही. वापराची नोंद नेटवर्ककडून पोर्टलपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, कधी पंधरा मिनिटं, कधी एखादा तास, दुसऱ्याच्या नेटवर्कवर रोमिंग असेल तर त्याहून जास्त. शिवाय काही व्यवस्थांमध्ये मर्यादा फक्त नवं सेशन उघडताना तपासली जाते. आधीपासून उघडं असलेलं सेशन चालूच राहतं, आणि आपण तर वर डेटा वाचवण्यासाठी सेशन उघडं ठेवलं आहे.

चाचणी सोपी आहे. पूलमधलं एक जादा सिम एखाद्या फोनमध्ये घाला, योजनेचा एपीएन, म्हणजे डेटा जोडणीसाठी फोनमध्ये भरायचं नाव, टाका आणि त्या सिमची मर्यादा ५ एमबी करा. मग एखादी २० एमबीची फाइल उतरवायला लावा आणि घड्याळ बघत तीन गोष्टी लिहा: अलर्ट किती मिनिटांनी आला, डेटा प्रत्यक्षात किती एमबीला थांबला, आणि पोर्टलवर दिसणारा आकडा फोनच्या आकड्याशी कधी जुळला. फाइल पूर्ण उतरली तर निराश होऊ नका, आपल्याला हवी असलेली माहिती मिळालीच. फोन तसाच जोडलेला ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा फाइल मागा. तरीही मिळाली तर फोन बंद करून चालू करा आणि बघा. आता थांबली, तर मर्यादा नव्या सेशनलाच लागते हे सिद्ध झालं. मग सिम कंपनीला विचारा की मर्यादा ओलांडल्यावर चालू सेशन तोडता येतं का. बऱ्याच पोर्टलवर तो वेगळा पर्याय असतो आणि मुळात बंद असतो. योजनेत फक्त ठरावीक सर्व्हरचीच परवानगी असेल तर फाइल त्याच सर्व्हरवर ठेवून ही चाचणी करावी लागेल.

दिवसाचा आकडा कधी शून्य होतो तेही याच चाचणीत बघून ठेवा. पुष्कळ पोर्टल यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, दिवस मोजतात. तुमच्याकडे तो क्षण ऐन रात्री येत असेल, तर एका रात्रीच्या बिघाडाला दोन दिवसांच्या मर्यादा मिळतात.

अलर्ट: किती वापरलं यापेक्षा किती वेगाने

पोर्टलवर ५०, ८० आणि १०० टक्क्यांचे अलर्ट तयार मिळतात. ते चालू ठेवा, पण त्यांच्यावर विसंबू नका. ८० टक्के वापर सव्विसाव्या दिवशी असेल तर सगळं छान आहे, नवव्या दिवशी असेल तर आग लागली आहे, आणि अलर्टचा मजकूर दोन्ही वेळा तोच असतो.

उपयोगी पडतो तो वेगाचा अलर्ट. पोर्टलमध्ये नसेल तर रोजच्या वापराची यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवा. समजा E1 मध्ये आतापर्यंतचा पूलचा वापर, E2 मध्ये बिलिंग सायकलचे झालेले दिवस आणि E3 मध्ये सायकलचे एकूण दिवस आहेत. महिनाअखेरचा अंदाज असा निघतो:

```
=E1/E2*E3
```

बाराव्या दिवशी ८४ एमबी झाले असतील तर अंदाज २१० येतो, म्हणजे निश्चिंत. दिवस मोजताना बिलिंग सायकलची तारीख धरा, कॅलेंडरची नको. अंदाज २६० च्या वर गेला की मी त्याच दिवशी सिमची यादी उघडतो.

एकेका सिमसाठी दुसरं सूत्र लागतं. B2 ते B21 मध्ये वीस सिमचा कालचा वापर असेल तर प्रत्येक ओळीसमोर हे ठेवा:

```
=IF(B2>3*MEDIAN(B$2:B$21),"तपासा","")
```

इथे सरासरीऐवजी मध्यक वापरला आहे. एका ट्रॅकरने ४० एमबी खाल्ले तर सरासरी त्याच्यासोबत वर सरकते, आणि दुसरा एखादा ट्रॅकर नेहमीच्या पाचपट खात असला तरी तिच्याखाली झाकला जातो. मध्यक जागचा हलत नाही.

या सूत्राला एक आंधळी बाजू आहे. सगळे ट्रॅकर एकाच वेळी बिघडले की मध्यकच वर जातो आणि एकाही ओळीत 'तपासा' उमटत नाही. म्हणून १ एमबीचा ठरावीक अलर्टही चालू हवा. एक अलर्ट एकट्याचा बिघाड पकडतो, दुसरा सगळ्यांचा.

अलर्ट कुणाकडे जातो याचाही विचार करा. तो ज्या फोनवर येतो त्याचा डेटा त्याच पूलचा असेल, तर पूल बंद पडल्यावर अलर्टही पोहोचणार नाही. एक प्रत एसएमएसने आणि ती पूलबाहेरच्या सिमवर जाऊ द्या. रात्रीच्या अलर्टला एका माणसाचं नाव ठरवा. पाच जणांना गेलेला अलर्ट पाहून प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने बघितला असेल.

एका रात्रीचा हिशेब

आता हे सगळं एकत्र कसं काम करतं ते बघू. समजा ट्रॅकर सर्व्हरशी टीएलएसने, म्हणजे कूटबद्ध जोडणीने बोलतात आणि सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत रात्री नऊला संपली. सर्व्हर चालूच आहे. ट्रॅकर जोडणी मागतो, सर्व्हर सर्टिफिकेट पाठवतो, ट्रॅकर तारीख बघून ते नाकारतो आणि जोडणी तोडतो. मग दहा सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो. प्रत्येक प्रयत्नाला साधारण ५ केबी जातात.

तासाला ३६० प्रयत्न, म्हणजे १.८ एमबी. सकाळी सातपर्यंतच्या दहा तासांत एका ट्रॅकरचे १८ एमबी आणि वीस ट्रॅकरचे ३६० एमबी. महिन्याचा ३०० एमबीचा पूल एका रात्रीत संपला, आणि तोही गाड्या आवारात उभ्या असताना.

मर्यादा लावलेली असती तर? रात्री साडेनऊच्या सुमारास बहुतेक सिमनी १ एमबी ओलांडला असता, आणि नोंद एक तास उशिरा पोहोचते असं धरलं तरी साडेदहापर्यंत अलर्ट आला असता. वीस सिमचा अलर्ट एकदम येणं हीच खूण आहे की दोष गाड्यांमध्ये नसून सर्व्हरमध्ये आहे. समजा तो कुणी पाहिलाच नाही. मग ३ एमबीचा थांबा लागतो, त्या उशिरामुळे प्रत्यक्षात प्रत्येक सिम ५ एमबीपर्यंत जातं, आणि एकूण नुकसान १०० एमबी होतं. आपण राखीव ठेवले होते तेवढेच. रात्रीत यूटीसीचा दिवस बदलला तर याच्या वर जाईल, म्हणून शून्य होण्याची वेळ माहीत हवी असं वर म्हटलं.

सकाळी क्रम महत्त्वाचा आहे. आधी सर्टिफिकेट बदला, मग एकाच सिमची मर्यादा मोकळी करा आणि त्या ट्रॅकरच्या नोंदी सर्व्हरवर येताना डोळ्यांनी बघा. त्यानंतरच बाकीची एकोणीस मोकळी करा. उलट केलंत तर उरलेला पूलही त्याच खड्ड्यात जाईल. रात्रभराच्या साठलेल्या नोंदी आता येतील, त्यामुळे त्या दिवशीचा वापर थोडा चढा दिसेल.

यावर कायमचा उपाय ट्रॅकरच्या सेटिंगमध्ये आहे. जोडणी फसल्यावर पुन्हा प्रयत्न करायचा अवधी दर वेळी वाढत जावा: १० सेकंद, ३०, मग दोन मिनिटं, आणि शेवटी दर पंधरा मिनिटांनी एकदा. पंधरा मिनिटांना ५ केबी या हिशेबाने दहा तासांत फक्त २०० केबी जातात. तुमच्या ट्रॅकरमध्ये हा पर्याय असेल तर बाकी कुठल्याही सेटिंगआधी तो लावा.

गप्प बसलेलं सिम

जास्त वापराचे अलर्ट सगळे लावतात, शून्याचा क्वचितच कुणी लावतं. गाडी कामावर असताना चार तास एक बाइटही गेला नाही, तर ते तितकंच गंभीर आहे. पोर्टल आणि सर्व्हर शेजारी शेजारी उघडले की दोष कुठे आहे ते बसल्या जागी कळतं. पोर्टलवर सिम चालू आहे पण ते नेटवर्कवर दिसतच नाही, तर ट्रॅकरची वीज किंवा अँटेना बघा. बॅटरीची वायर कुणी काढली असेल तर ट्रॅकर आतल्या छोट्या बॅटरीवर काही तास चालून मग गप्प होतो. सिम नेटवर्कवर आहे पण सेशन नाही, तर एपीएन चुकला आहे किंवा मर्यादा लागली आहे. सेशन आहे, वापरही चढतो आहे, पण सर्व्हरवर काही येत नाही, तर सर्व्हरचा पत्ता किंवा पोर्ट चुकीचा आहे. सर्व्हरवर नोंदी येतात पण स्थान हलत नाही, तर डेटाचा काही संबंध नाही, जीपीएसला आकाश दिसत नाही.

सिमची नोंदवही

पोर्टलवर सिम आयसीसीआयडीने ओळखलं जातं. तो ८९ ने सुरू होणारा १९ किंवा २० अंकी क्रमांक, आणि रात्री अलर्टमध्ये तोच येतो. तो कुठल्या गाडीचा हे कळायला एक तक्ता हवा, ज्यात आयसीसीआयडी, ट्रॅकरचा १५ अंकी आयएमईआय, गाडीचा क्रमांक आणि बसवल्याची तारीख एवढंच असलं तरी पुरे. पोर्टलमध्ये सिमला नाव देता येत असेल तर गाडीचा क्रमांकच नाव म्हणून द्या, म्हणजे अलर्टमध्ये तोच वाचायला मिळतो. ट्रॅकर एका गाडीतून दुसरीत गेला की नाव त्याच दिवशी बदला.

आयएमईआय लॉक मिळत असेल तर जरूर घ्या. ट्रॅकरचं सिम काढून कुणी फोनमध्ये घातलं तर ते चालणारच नाही. लॉक नसेल तर निदान आयएमईआय बदलल्याचा अलर्ट लावा. तो वापराच्या अलर्टच्या बराच आधी येतो. ट्रॅकर मुद्दाम बदलताना मात्र आधी लॉक काढावा लागतो. ते विसरलं की नवा ट्रॅकर नेटवर्कवर येत नाही आणि माणूस तासभर अँटेना तपासत बसतो.

सायकल संपल्यावर यादी एकदा वापराच्या क्रमाने लावून बघा. तळाशी शून्य वापराची सिम असतील, त्यातली विकलेल्या किंवा बंद गाड्यांची बंद करून टाका. वर सतत दिसणाऱ्या दोन-तीन गाड्यांची सेटिंग इतरांशी ताडून बघा. कुणीतरी तपासणीसाठी ३० सेकंदांचा अवधी ५ सेकंदांवर नेलेला असतो आणि परत आणायचं राहून गेलेलं असतं.